तळाच्या ४० शाळा ७.८ गुणांनी वर आल्या, त्यातली कार्यक्रमामुळे झालेली वाढ किती?

प्रश्न: आम्ही ४०० शाळांमधून गणिताच्या चाचणीत सर्वांत मागे असलेल्या ४० शाळा निवडल्या आणि तिथे वर्षभर उपचारात्मक वर्ग आणि शिक्षक प्रशिक्षण चालवलं. निवडीच्या वेळी त्यांची सरासरी १०० पैकी ३४.४ होती, वर्षाने ती ४२.२ झाली. बाकीच्या ३६० शाळा ५४.० वरून फक्त ५४.२ वर गेल्या. तरी आढाव्यात कुणीतरी म्हणालं की हे ‘रिग्रेशन टू द मीन’ असेल. तुलनेला ३६० शाळा असताना हे कसं शक्य आहे? निवडीच्या आदल्या वर्षाचे निकालही आमच्याकडे आहेत. त्या वर्षी सगळ्या शाळांची सरासरी ५१.५ आणि या ४० शाळांची ४०.४ होती. निवडीच्या वर्षी एकूण सरासरी ५२, आता ५३. शाळांच्या सरासरीचं प्रमाण विचलन दर वर्षी १० च्या आसपास असतं आणि निवडीआधीच्या दोन निकालांमधला सहसंबंध ०.६४ आहे.

उत्तर:

शक्य आहे, आणि ते ओळखायची किल्ली तुम्ही प्रश्नाच्या शेवटी स्वतःच दिली आहे: आदल्या वर्षाचा ४०.४ हा आकडा.

या ४० शाळा एकूण सरासरीच्या किती खाली होत्या, एवढंच तिन्ही वर्षांसाठी काढून बघा. निवडीच्या आदल्या वर्षी ५१.५ वजा ४०.४, म्हणजे ११.१ गुण खाली. निवडीच्या वर्षी ५२ वजा ३४.४, म्हणजे १७.६ गुण खाली. कार्यक्रमानंतर ५३ वजा ४२.२, म्हणजे १०.८ गुण खाली. ११.१, मग १७.६, मग पुन्हा १०.८. या शाळा जिथे होत्या जवळजवळ तिथेच परत आल्या आहेत. मधलं एक वर्ष त्या खोल गेलेल्या दिसतात, आणि नेमकं तेच वर्ष आपण त्यांना निवडण्यासाठी वापरलं. अहवालात फक्त दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी शेजारी ठेवला की वाढ भरघोस दिसते. पहिला आकडा जोडला की ती बहुतेक सगळी विरघळते.

आता हे का होतं ते बघू. एखाद्या शाळेच्या एका वर्षाच्या सरासरीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक भाग टिकाऊ असतो: शिक्षक, शिकवण्याची पद्धत, मुलांची घरची परिस्थिती, वर्षानुवर्षं फारसं न बदलणारं सगळं. दुसरा भाग त्या वर्षापुरता असतो. त्या वर्षीची तुकडी जरा कच्ची किंवा पक्की निघाली, प्रश्नपत्रिकेत नेमका न झालेला घटक आला, गणिताच्या शिक्षिका दोन महिने रजेवर होत्या, चाचणीच्या दिवशी चांगली मुलं गैरहजर होती. हा दुसरा भाग किती मोठा असतो याचा अंदाज लोकांना सहसा नसतो. ‘आम्ही नमुना घेतला नाही, सगळ्या मुलांची चाचणी घेतली, मग चूक कसली?’ असं हमखास ऐकायला मिळतं. पण तुकडी दर वर्षी नवी असते. शाळा तीच राहिली तरी चाचणी देणारी मुलं बदलतात, म्हणून सगळ्यांची चाचणी घेतली तरी चढउतार राहतोच.

एका शाळेवर हे करून बघा. वर्गात १६ मुलं आहेत. एरवी ५० च्या आसपास गुण मिळवणाऱ्या तीन मुलांच्या जागी या वर्षी १० गुण मिळवणारी तीन मुलं आली. शाळेत दुसरं काहीही बदललं नाही. तीन मुलांचे प्रत्येकी ४० गुण कमी झाले, म्हणजे १२०, आणि ते १६ जणांत वाटले की सरासरी साडेसात गुणांनी उतरली. तुमच्या कार्यक्रमाची सगळी ‘वाढ’ ७.८ गुणांची आहे. एका छोट्या शाळेत तीन मुलांच्या फरकाने तेवढी घसरण होते, आणि पुढच्या वर्षी ती तुकडी वर सरकली की कुणी काहीही न करता भरूनही निघते.

आता ४०० शाळांची यादी गुणांनुसार लावा आणि तळाच्या ४० उचला. या ४० मध्ये दोन तऱ्हेच्या शाळा येतात. काही खरोखरच फार मागे आहेत. काही तितक्या मागे नाहीत, पण त्यांचं ते वर्ष वाईट गेलं. जिचं वर्ष चांगलं गेलं अशी कमकुवत शाळा मात्र यादीतून निसटते. म्हणजे निवडीच्या क्षणीच आपण वाईट वर्षं गोळा करतो. पुढच्या वर्षी तो वर्षापुरता भाग नव्याने पडतो आणि ४० शाळांत मिळून तो साधारण शून्याच्या आसपास येतो. त्यामुळे गटाची सरासरी वर येते, कार्यक्रम असो वा नसो. यालाच ‘रिग्रेशन टू द मीन’, म्हणजे सरासरीकडची ओढ म्हणतात.

हे किती होणार याचा अंदाज तुमच्याच आकड्यांतून काढता येतो. दोन्ही वर्षांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, सारखाच असेल तर दोन वर्षांमधला सहसंबंध साधारणपणे सांगतो की सरासरीपासूनच्या अंतराचा किती हिस्सा पुढच्या वर्षी शिल्लक राहील. तुमचा सहसंबंध ०.६४ आहे. निवडीच्या वर्षी या शाळा १७.६ गुण खाली होत्या. त्यातले ०.६४ पट, म्हणजे ११.३ गुण पुढच्या वर्षी राहतील. एकूण सरासरी ५३ झाली, म्हणून काहीच केलं नसतं तरी या ४० शाळांची अपेक्षित सरासरी ५३ वजा ११.३, म्हणजे ४१.७ आली असती. प्रत्यक्षात ४२.२ आली. कार्यक्रमाच्या खात्यावर टाकता येईल असा फरक अर्ध्या गुणाचा आहे.

हा अर्धा गुणसुद्धा पक्का नाही. मागच्या वर्षाचे गुण माहीत असूनही एका शाळेच्या पुढच्या गुणांत साधारण ७.७ गुणांचा चढउतार शिल्लक राहतो (१० गुणिले १ वजा ०.६४ च्या वर्गाचं वर्गमूळ). ४० शाळांच्या सरासरीत तो ७.७ भागिले ४० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.२ होतो. म्हणून परिणामाचा अंदाज अर्धा गुण, आणि त्याची मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे २.४ गुण. उणे २ पासून अधिक ३ पर्यंत काहीही असू शकतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. याचा अर्थ ‘कार्यक्रम निकामी ठरला’ असा होत नाही. तीन गुणांचा खरा परिणाम असेल तरी तो या रचनेत निसटू शकतो, आणि शून्य असेल तरी आकडे असेच दिसू शकतात. ७.८ चा दावा मात्र टिकत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर खालच्या ओळी चालवा. यात कुठलाच कार्यक्रम नाही. प्रत्येक शाळेची खरी पातळी दोन्ही वर्षं तीच ठेवली आहे, तिचा पसारा ८, आणि वर्षापुरत्या भागाचा पसारा ६. त्यांचे वर्ग ६४ आणि ३६, बेरीज १००, म्हणजे एकूण पसारा १० आणि सहसंबंध ०.६४, तुमच्यासारखाच.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
khari = rng.normal(52, 8, 400)
varsh1 = khari + rng.normal(0, 6, 400)
varsh2 = khari + rng.normal(0, 6, 400)
tal = np.argsort(varsh1)[:40]
print(varsh1[tal].mean(), varsh2[tal].mean())
```

`default_rng` मधला आकडा बदलून वीसएक वेळा चालवा. पहिली सरासरी ३४ ते ३५ च्या आसपास आणि दुसरी ४१ च्या आसपास घुटमळत राहील. दर वेळी साधारण चार ते आठ गुणांची ‘सुधारणा’, आणि एकाही शाळेची खरी पातळी तसूभरही हललेली नाही.

आता तुमचा मुख्य सवाल: ३६० शाळा तुलनेला असताना हे सुटलं कसं? तुलनागट ठेवला की सगळा प्रश्न मिटतो ही समजूत पक्की बसलेली असते, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. तुलनागट फक्त दोन्ही गटांना सारखंच लागू होणारं काही असेल तर ते काढून टाकतो. प्रश्नपत्रिका सोपी आली, सगळीकडे नवं पाठ्यपुस्तक आलं, असलं. सरासरीकडची ही ओढ दोन्ही गटांना सारखी लागू होत नाही. तळाच्या ४० शाळांची वाईट वर्षं आपण वेचून घेतली. उरलेल्या ३६० मध्ये त्या बदल्यात थोडी चांगली वर्षं जास्त राहिली, पण ती ३६० शाळांत पसरल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला फार थोडी आली. म्हणून त्या गटाची सरासरी नावापुरती हलते आणि तळाच्या गटाची भरपूर. ‘आमची वाढ ७.८, त्यांची ०.२, म्हणून परिणाम ७.६’ ही वजाबाकी ओढ काढून टाकत नाहीच, उलट एकूण सरासरीच्या एका गुणाच्या वाढीच्या मानानेही ती थोडी फुगवते.

यावर पुढचा उपाय म्हणून लोक ‘तशाच गुणांच्या’ शाळा दुसरीकडून शोधून जोड्या लावतात. हा उपाय जास्त फसवा आहे, कारण तो काळजीपूर्वक केल्यासारखा दिसतो. समजा तुम्ही दुसऱ्या भागातून ३४ गुणांच्या ४० शाळा आणल्या, आणि त्या भागाची सरासरी ६० आहे. तिथल्या ३४ गुणांच्या शाळेचं ते वर्ष फारच वाईट गेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ती परत जाणार ६० च्या दिशेने. तुमची शाळा परत जाणार ५२ च्या दिशेने. दोन्ही गट एका रेषेवर उभे दिसले तरी त्यांना ओढणारे मध्य वेगळे आहेत. अशा जोडीत तुमचा कार्यक्रम चांगला असूनही तुलनेत मागे पडलेला दिसेल. डोनाल्ड कॅम्पबेल आणि आल्बर्ट अर्लेबाकर यांनी १९७० मध्ये वंचित मुलांसाठीच्या पूरक शिक्षणाच्या मूल्यमापनांबद्दल हाच इशारा दिला होता: चांगल्या परिस्थितीतल्या मुलांमधून गुण जुळवून तुलनागट बनवला की पूरक शिक्षण हानिकारक असल्यासारखं दिसू शकतं. चूक कोणत्या दिशेने होईल हे निवड कशी झाली त्यावर ठरतं. एकदा फुगवलेला परिणाम दिसला म्हणून ती नेहमी फुगवतेच असं धरू नका.

शाळेच्या आकाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ०.६४ हा सगळ्या शाळांचा मिळून आकडा आहे. एका शाळेतल्या मुलांच्या गुणांचा पसारा २० धरला, तर १० मुलांच्या तुकडीची सरासरी निव्वळ तुकडीच्या नशिबाने सुमारे ६.३ गुण इकडेतिकडे होते, आणि १०० मुलांच्या तुकडीची फक्त २ गुण. म्हणून तळाच्या यादीत लहान शाळांची गर्दी असते. सर्वांत वरच्या ४० मध्येही ती असते, ते फारसं कुणी तपासत नाही. लहान शाळा वर्षभरात सगळ्यांत जास्त उसळी घेतात, आणि मग ‘लहान शाळांत कार्यक्रम विशेष प्रभावी ठरला’ असं वाक्य अहवालात येतं. शक्य असेल तर शाळांचे पटसंख्येनुसार दोन-तीन गट करा, प्रत्येक गटाचा सहसंबंध वेगळा काढा आणि अपेक्षित गुणही गटवार काढा. मोठ्या शाळांत तो ०.८ च्या आसपास आणि लहान शाळांत ०.५५ च्या आसपास निघाला तर नवल वाटू नये.

तुमच्या हातात असलेल्या आकड्यांवर आजच करता येण्यासारखी तपासणी म्हणजे ‘खोटा कार्यक्रम’. निवडीच्या आदल्या वर्षाची यादी घ्या, त्या वर्षीच्या तळाच्या ४० शाळा काढा आणि पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं ते बघा. त्या वर्षात कार्यक्रम नव्हता. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज असा की हा गट ३४ च्या आसपासून ४०.८ च्या आसपास जाईल, म्हणजे काही न करता पावणेसात ते सात गुणांची वाढ. हा एक आकडा आढावा बैठकीत कुठल्याही सूत्रापेक्षा लवकर पटतो, कारण तो तुमच्याच शाळांचा असतो. त्याचीच दुसरी बाजूही बघा: निवडीच्या वर्षातल्या सर्वांत वरच्या ४० शाळा. त्या साधारण ६९.५ वरून ६४ च्या आसपास उतरलेल्या दिसतील. त्यांचं कुणी वाईट केलेलं नाही. तळाची वाढ कार्यक्रमामुळे म्हणायची असेल तर वरच्यांची ही घसरण कशामुळे, याचं उत्तर द्यावं लागेल.

‘४० पैकी अमुक इतक्या शाळा तळाच्या यादीतून बाहेर पडल्या’ हा आकडाही असाच तपासून घ्या. ०.६४ सहसंबंध असताना तळाच्या ४० पैकी १६-१७ शाळाच पुढच्या वर्षी पुन्हा तळाच्या ४० मध्ये येतात. २३-२४ शाळा आपोआप बाहेर पडतात आणि तेवढ्याच नव्या आत येतात. नव्या आलेल्यांची नावं अहवालात कधी नसतात. शाळांमधला एकूण पसारा पूर्वीइतकाच राहतो. सगळ्या शाळा हळूहळू सारख्या होत चालल्यात असा याचा अर्थ कुणी काढला, तर तो चुकीचा आहे.

कार्यक्रम दुसऱ्या वर्षीही चालू राहिला तर आणखी एक खूण मिळेल. ही ओढ पुन्हा मोजताक्षणी, म्हणजे पहिल्याच वर्षी, जवळजवळ सगळी उरकते. खरं शिकणं सहसा हळू साचतं. पहिल्या वर्षी मोठी उडी आणि त्यानंतर सपाट रेषा दिसली, तर ‘सुरुवातीचा उत्साह ओसरला’ असं लिहायची घाई करू नका. बहुधा ओसरण्यासारखं काही नव्हतंच. उलट, पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा अर्धा गुण वर, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी अडीच असं दिसलं तर मी त्या कार्यक्रमाकडे जास्त आशेने बघेन, जरी पहिल्या वर्षी टाळ्या कमी पडल्या असतील.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. मी धरून चाललोय की निवडीच्या वर्षातली ११.१ वरून १७.६ पर्यंतची घसरण बहुतांशी त्या वर्षापुरती होती. समजा तसं नसेल. समजा या ४० शाळांत त्या वर्षी खरोखर काहीतरी कायमचं बिघडलं असेल, अनुभवी शिक्षक गेले आणि नवे आलेच नाहीत, तर मग १७.६ वरून १०.८ वर येणं हे मोठं काम असेल, आणि माझं गणित तुमच्यावर अन्याय करेल. या दोन्हींतला फरक ‘खोटा कार्यक्रम’ तपासणीच बऱ्यापैकी दाखवते. पूर्वी जेव्हा शाळा अशाच खोल गेल्या तेव्हा मदतीशिवाय परत आल्या का? आल्या असतील तर याही बहुधा आल्या असत्या. त्याशिवाय ४० शाळांची चार-पाच वर्षांची रेघ वेगवेगळी काढा. एकाच वर्षी खड्डा पडून आदल्या पातळीवर आलेली शाळा आणि चार वर्षं पायरी पायरीने उतरत गेलेली शाळा नजरेला चटकन वेगळ्या दिसतात. दुसऱ्या जातीच्या शाळा वर आल्या असतील तर त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्या.

शाळा कशाच्या आधारे निवडल्या, यावरही बरंच ठरतं. तीन वर्षांच्या सरासरीवर निवड केली असेल तर वर्षापुरता भाग पुष्कळ कापला जातो आणि ओढ कमी राहते, शून्य मात्र होत नाही. गुण न बघता पालकांच्या उत्पन्नावर किंवा पटसंख्येवर निवड केली असेल तर हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही, कारण मग निवड आणि त्या वर्षीचं वाईट नशीब यांचा संबंध तुटतो.

पुढच्या फेरीसाठी सगळ्यांत स्वस्त सुधारणा ही की निवडीचे गुण ‘आधीची पातळी’ म्हणून वापरू नका. शाळा निवडून झाल्यावर, कार्यक्रम सुरू होण्याआधी, स्वतंत्र पायाभूत चाचणी घ्या आणि वाढ तिच्यापासून मोजा. चाचणीच्या दिवसाचं आणि प्रश्नपत्रिकेचं नशीब नव्याने पडेल, म्हणून त्या दोन कारणांची ओढ पायाभूत चाचणीतच दिसून जाईल. तुकडीही नवी असेल तर तुकडीची ओढही जाईल. तुकडी तीच असेल तर मात्र तिचा कच्चेपणा दोन्ही चाचण्यांत राहतो आणि पुढच्या तुकडीत तो निघून जातो, हे लक्षात ठेवा. त्या वेळी तुलना त्याच मुलांची करा, पुढच्या तुकडीशी नको.

याहून भक्कम मार्ग चिठ्ठ्या टाकण्याचा आहे. तळाच्या ८० शाळा घ्या, चिठ्ठ्या टाकून ४० शाळांना या वर्षी आणि ४० शाळांना पुढच्या वर्षी कार्यक्रम द्या. दोन्ही गटांत वाईट वर्षं सारखीच वाटली जातात, दोन्ही गट सारखेच वर येतात, आणि त्यांच्यातला फरक कार्यक्रमाचा असतो. साधनसामग्री एरवीही एकाच वर्षी सगळ्यांना पुरत नाही, त्यामुळे कुणाला डावलल्यासारखं होत नाही. पण ४० विरुद्ध ४० मध्ये किती छोटा परिणाम दिसेल ते आधी मोजा. वरच्याच पसाऱ्याने दोन गटांच्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.७ गुण येते, आणि भरवशाने पकडता येईल असा परिणाम त्याच्या २.८ पट, म्हणजे पावणेपाच ते पाच गुण. तीन गुणांच्या परिणामाची अपेक्षा असेल तर ही रचना अपुरी आहे. आधीच्या दोन वर्षांची आणि नंतरच्या दोन वर्षांची सरासरी वापरली तर हा आकडा साडेतीनच्या आसपास उतरतो. शाळा वाढवणं जमत नसेल तर वर्षं वाढवा.

चिठ्ठ्या टाकायला परवानगी मिळाली नाही तर निवडीची रेषा कामाला येते. तुमची रेषा अंदाजे ३९ गुणांवर पडली असेल. ३८ गुणांची शाळा आत आणि ४० गुणांची बाहेर, पण या दोघींत नशिबाखेरीज फारसा फरक नाही आणि दोघींना ओढही जवळपास सारखीच. आलेखात आडव्या अक्षावर निवडीचे गुण, उभ्या अक्षावर नंतरचे गुण ठेवा, रेषेच्या दोन्ही बाजूंना वेगळी सरळ रेघ काढा आणि नेमक्या रेषेवर पायरी पडते का ते बघा. ओढ असेल तर रेघ तिरकी दिसते, पायरी पडते ती कार्यक्रमाची. अट एवढीच की रेषा काटेकोर पाळलेली हवी. ओळखीने किंवा सोयीने दोन-चार शाळा आतबाहेर केल्या असतील तर त्याची नोंद हवी. शिवाय हा परिणाम रेषेजवळच्या शाळांपुरताच असतो. २५ गुणांच्या शाळेत काय झालं ते त्यातून कळत नाही.

या रीतीचं सगळ्यांत बोलकं उदाहरण चिलीचं आहे. तिथे १९९० मध्ये पी-९०० नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सुमारे ९०० मागे पडलेल्या शाळांना इमारत दुरुस्ती, पुस्तकं, शिक्षकांच्या कार्यशाळा आणि शाळेनंतरची शिकवणी असं साहाय्य दिलं गेलं. निवड शाळेच्या चौथीच्या चाचणीच्या सरासरीवर, ठरवलेल्या रेषेनुसार झाली. निवडलेल्या शाळांचे गुण नंतर चांगलेच वाढले आणि कार्यक्रम फार यशस्वी मानला गेला. केनेथ चे, पॅट्रिक मॅकइवन आणि मिगेल उर्किओला यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेषेच्या दोन्ही बाजूंच्या शाळा ताडून पाहिल्या. नेहमीच्या पद्धतींनी दिसणारी वाढ चाचणीतल्या तात्पुरत्या चढउतारामुळे फुगलेली होती. तरीही परिणाम शून्य निघाला नाही. तो समजला जात होता त्यापेक्षा बराच लहान, पण खरा होता. फुगवटा काढल्यावरच तो नीट दिसला.

तुमच्या अहवालात मी या वर्षासाठी असं लिहीन: निवडलेल्या शाळांची सरासरी ३४.४ वरून ४२.२ झाली. निवडीआधीच्या वर्षांतल्या चढउतारावरून, कार्यक्रम नसता तरी ती ४१.७ च्या आसपास अपेक्षित होती. कार्यक्रमाचा परिणाम यातून उणे २ ते अधिक ३ गुणांच्या दरम्यान असावा आणि त्याहून नेमकं सांगायला ही रचना पुरेशी नाही. त्याखाली ११.१, १७.६, १०.८ ही ओळ आणि ‘खोट्या कार्यक्रमा’चा आलेख जोडा. ७.८ चा आकडा गाळू नका, तो खरा आहे. फक्त त्याच्या शेजारी ४१.७ ठेवल्याशिवाय तो एकटा कुठेही छापू देऊ नका.